‘सगळे’ या नावावर आरोपपत्र निघत नाही

मी नाशिकच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नऊ वर्षे काम करते. गेल्या आठ महिन्यांपासून विभागातील चार सहकारी मिळून मला वेगळे पाडत आहेत. मला वगळून त्यांचा स्वतंत्र व्हॉट्सॲप ग्रुप आहे. बैठकीची वेळ बदलली तरी मला कळत नाही, आणि नंतर ‘त्यांना सांगितले होते’ असे साहेबांना सांगितले जाते. मी जागेवर आले की बोलणे थांबते. गेल्या महिन्यात एकाच दुपारी तिघांनी माझ्याविरुद्ध साहेबांना मेल केले. मी एचआरकडे दोन पानी तक्रार दिली. त्यांनी चौघांना एकत्र बोलावून विचारले. चौघांनीही ‘असे काही नाही, त्यांचेच कोणाशी पटत नाही’ असे सांगितले आणि तक्रार बंद झाली. एकेकाचे वागणे सुटे पाहिले तर क्षुल्लक वाटते, पण मिळून ते मला जगू देत नाहीत. कोणी काय केले हे मी वेगवेगळे कसे दाखवू? तक्रारीची प्रत आणि माझे टिपण सोबत जोडले आहे.

एक वाचक, नाशिक

ताई,

तुमची तक्रार आणि तुमचे टिपण मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. टिपणात दिवस आहेत, वेळा आहेत, कोण कुठे बसले होते तेही आहे. तक्रारीत मात्र यातले काहीच उतरलेले नाही. तिथे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ‘ते’, ‘त्यांनी’, ‘सगळ्यांनी मिळून’ असेच शब्द आहेत, आणि चौघांपैकी एकाचेही नाव एका ठरावीक दिवशीच्या एका ठरावीक कृतीला जोडलेले नाही. ज्याच्यावर चौघे मिळून तुटून पडतात त्याला ते चौघे एकच वाटतात, त्यामुळे लिहिताना असे होणे स्वाभाविक आहे. पण चौकशी ज्या रीतीने चालते तिच्यात ‘सगळे’ नावाच्या माणसाला बोलावून प्रश्न विचारता येत नाही.

मी कारखान्यांच्या कार्मिक विभागांत आयुष्य घालवले आणि त्यातली बरीच वर्षे खात्यांतर्गत चौकशीत चौकशी अधिकारी म्हणून बसलो. त्यातले एक प्रकरण मला आजही बोचते. स्टोअर्समधील एका कर्मचाऱ्याला त्याच्या पाळीतील चौघांनी दीड वर्ष छळले होते. त्याच्या तक्रारीवरून निघालेल्या आरोपपत्रात एकच वाक्य होते: ‘चौघांनी संगनमत करून तक्रारदारास मानसिक त्रास दिला.’ बचाव प्रतिनिधीने उलटतपासणीत पहिलाच प्रश्न विचारला, की कोणत्या दिवशी, कोणी, काय केले. तक्रारदार म्हणाला, ‘रोजच, सगळेच.’ पुढचे दोन तास तोच प्रश्न वेगवेगळ्या रीतीने विचारला गेला आणि तेच उत्तर येत राहिले. त्या माणसावर अन्याय झाला आहे हे मला समोर दिसत होते, तरी ‘आरोप सिद्ध होत नाही’ असे चार वेळा मला लिहावे लागले. आरोप मोघम असेल तर त्याला उत्तर देता येत नाही, आणि ज्याला उत्तर देता येत नाही अशा आरोपावर शिक्षा टिकत नाही. पश्चिम बंगालमधील एका सरकारी कर्मचाऱ्याला अशाच मोघम आरोपांवरून नोकरीतून काढले होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये नेमक्या याच कारणाने ती कारवाई रद्द केली. हा नियम आरोपीच्या रक्षणासाठी आहे आणि तो असलाच पाहिजे. तुम्हाला मात्र तो ओलांडून जायचे आहे, आणि त्याचा मार्ग तुमच्याच टिपणात आहे.

टिपणातील 9 जुलैची बैठक घेऊ, कारण चौघांचे चार वेगळे वाटे तिच्यात स्पष्ट दिसतात. बैठक चारला होती, ती अडीचला झाली. साहेबांनी पाऊण वाजता ज्येष्ठ सहकाऱ्याला बोलावून ‘सगळ्यांना कळवा’ असे सांगितले होते, आणि ही गोष्ट स्वतः साहेबांनीच नंतर तुम्हाला सांगितली. दुसऱ्या सहकारी दोन वाजता कँटीनमध्ये तुमच्याच टेबलावर जेवत होत्या आणि त्या काही बोलल्या नाहीत. बैठकीत तुम्ही दिसला नाहीत तेव्हा तिसऱ्या सहकाऱ्याने साहेबांना सांगितले, ‘त्यांना मी सांगितले होते, त्या म्हणाल्या मला काम आहे.’ साहेबांनी तीन वाजता फोन करून हेच शब्द तुम्हाला ऐकवले. चौथ्या सहकाऱ्यांनी इतिवृत्तात तुमच्या नावापुढे ‘पूर्वसूचना न देता गैरहजर’ असे लिहिले आणि ते संध्याकाळी सर्वांना गेले.

तक्रारीत हा सगळा प्रसंग ‘मला मुद्दाम बैठकीपासून दूर ठेवले’ एवढ्या एका वाक्यात आला आहे. हे वाक्य म्हणजे तुमचा निष्कर्ष आहे, आणि निष्कर्षाला चौघांनी मिळून ‘नाही’ म्हटले की तो तिथेच संपतो. आता एकेक वाटा सुटा करून पाहा.

ज्येष्ठ सहकाऱ्यावर साहेबांनी एक काम सोपवले होते आणि ते तुमच्यापुरते झाले नाही. हे सिद्ध करायला त्यांचा हेतू दाखवावा लागत नाही. साहेबांचा जबाब आणि तुम्हाला मेल, फोन किंवा निरोप आला नसल्याची नोंद एवढे पुरते. ‘विसरलो’ हे उत्तर ते देऊ शकतात, आणि एका वेळेपुरते ते मान्यही करावे लागेल. म्हणून त्यांच्या नावाखाली असे जेवढे प्रसंग आहेत ते तारखांसह एकाखाली एक यायला हवेत. पाच बैठकांत चौघांना निरोप पोहोचला आणि पाचही वेळा एकट्या तुम्हाला पोहोचला नाही, असे दिसले की विसरण्याचे उत्तर आपोआप दुबळे होते.

तिसऱ्या सहकाऱ्याचा वाटा सर्वांत गंभीर आहे, कारण तिथे एक ठाम विधान आहे आणि ते खरे किंवा खोटे यांपैकी एकच असू शकते. त्यांना विचारायचा प्रश्न अगदी साधा आहे: तुम्ही त्यांना किती वाजता, कुठे आणि कोणत्या शब्दांत सांगितले? त्यांना वेळ सांगावी लागेल. ती वेळ पाऊण ते अडीच यांमधलीच असू शकते, कारण त्याआधी बदल ठरलाच नव्हता. टिपणाप्रमाणे त्यातील एक ते दोन या वेळात तुम्ही स्टोअर्समध्ये नाकारलेल्या मालाची मोजणी करत होता आणि तिथल्या रजिस्टरवर तुमची सही आहे, तर दोन ते अडीच तुम्ही कँटीनमध्ये होता. उरतात एक वाजण्याआधीची पंधरा मिनिटे. या पंधरा मिनिटांत तुम्ही जागेवर होता की नव्हता, शेजारी कोण होते, हे आठवून लिहा. नक्की आठवत नसेल तर तसेच लिहा, कारण इथे ओढूनताणून भरलेली एक नोंद बाकीच्या खऱ्या नोंदींनाही संशयात आणते.

चौथ्या सहकाऱ्यांचा वाटा कागदावर आहे, त्यामुळे तो नाकारता येणार नाही. त्यातच अशी एक विसंगती आहे जी तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तिसऱ्याचे म्हणणे खरे मानले, म्हणजे तुम्ही ‘मला काम आहे’ असे कळवले होते असे धरले, तर ‘पूर्वसूचना न देता’ ही नोंद खोटी ठरते. नोंद खरी मानली तर तिसऱ्याचे विधान खोटे ठरते. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि चौघांना एकत्र बसवून विचारले तेव्हा ही फट कोणालाच दिसली नाही. चौथ्या सहकारी बहुधा म्हणतील, ‘मला जसे सांगितले तसे मी लिहिले.’ हे उत्तर तुमच्या फायद्याचे आहे, कारण पुढचा प्रश्न ‘कोणी सांगितले?’ हाच असणार, आणि त्याचे उत्तर एक नाव असेल.

राहिल्या दुसऱ्या सहकारी, ज्या तुमच्यासमोर जेवत बसल्या. मला ठाऊक आहे की तुम्हाला सर्वांत जास्त तेच लागले असेल. पण गप्प राहणे हे त्या दिवसापुरते गैरवर्तन म्हणून टिकणार नाही, कारण निरोप देण्याचे काम त्यांच्यावर नव्हते. त्यांचे नाव आरोपींच्या रांगेत घातले तर बाकी तिघांबरोबर त्याही एका सुरात बोलतील, आणि ते घालणे मला न्याय्यही वाटत नाही. त्यांना साक्षीदार म्हणून लिहा. त्यांना दोनच प्रश्न विचारले जावेत: बदललेली वेळ तुम्हाला दोन वाजता माहीत होती का, आणि असेल तर ती तुम्हाला कशी कळली? ‘ग्रुपवर कळली’ असे उत्तर आले, तर कार्यालयीन आदेश अशा ठिकाणी दिला गेला जिथे तुम्ही नव्हता, हे त्यांच्याच तोंडून नोंदले जाईल. चौघांनी स्वतःचा ग्रुप काढणे हा काही गुन्हा नव्हे, आणि तक्रारीत त्या ग्रुपवर अर्धे पान खर्च करून तुम्ही तुमची बाजू हलकी केली आहे. त्या ग्रुपवरून कार्यालयाचे काम चालले आणि ते तुमच्यापासून तुटले, एवढेच तिथे सांगण्यासारखे आहे.

आता प्रत्येक प्रसंगासाठी एक वेगळे पान करा. पानावर तारीख, वेळ, जागा, करणाऱ्याचे नाव, त्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत, तिथे हजर असलेल्यांची नावे, त्यामुळे तुमच्या कामावर काय परिणाम झाला आणि पुरावा कुठे आहे, एवढेच लिहा. तुम्हाला काय वाटले, कोणी कोणाला फितवले असेल, हे पानाच्या तळाशी एक रेघ ओढून तिच्याखाली ‘माझा अंदाज’ म्हणून लिहा. तक्रारीसोबत फक्त रेघेच्या वरचा मजकूर द्यायचा आहे. रेघेखालचा मजकूर तुमच्यासाठी आहे, कारण पुढे नवा प्रसंग घडला की त्यातला एखादा अंदाज खरा ठरून वर जाऊ शकतो. एका पानावर दोघांनी दोन कृती केल्या असतील तर त्यांच्या दोन वेगळ्या नोंदी करा. ‘दोघे हसले’ असे न लिहिता, कोण काय बोलले आणि कोण हसले हे लिहा.

मागच्या आठ महिन्यांतील जे प्रसंग त्या वेळी लिहून ठेवले नव्हते ते आता लिहिताना ‘आठवणीवरून, अमुक तारखेस लिहिले’ अशी नोंद वर करा. मी असे प्रकरण पाहिले आहे जिथे तक्रारदाराने सहा महिन्यांची डायरी एकाच शाईने एका बैठकीत लिहून काढली होती. बचाव पक्षाने ती दाखवली आणि त्यातले खरे प्रसंगही वाया गेले. नेमकी तारीख आठवत नसेल तर तिला बांधून ठेवणारी खूण शोधा. वार्षिक स्टॉक तपासणी कोणत्या आठवड्यात होती, त्या दिवशी कोणता पुरवठादार कोटेशन घेऊन आला होता, तुमची अर्ध्या दिवसाची रजा कधी होती, अशा खुणांवरून तारीख बहुतेक वेळा सापडते.

अशी पाने झाली की एका मोठ्या कागदावर तक्ता आखा. डावीकडे प्रसंग तारखेप्रमाणे, आणि वर चार नावे. प्रत्येक चौकटीत पाच शब्दांपैकी एकच लिहायचा: केले, कळवले, पाहिले, माहीत नाही, गैरहजर. ‘केले’ म्हणजे कृती त्या व्यक्तीची. ‘कळवले’ म्हणजे तुमच्याबद्दल काही पुढे पोहोचवणे, मग ते साहेबांना असो की दुसऱ्या विभागात. तक्रारदार ज्या चौकटी सहसा भरतच नाहीत त्या शेवटच्या दोन प्रकारच्या असतात, आणि माझ्या अनुभवात तक्ता खरा उभा राहतो तो त्यांच्यामुळेच. जो रजेवर होता त्याच्यापुढे तुम्ही स्वतःहून ‘गैरहजर’ लिहिले, की वाचणाऱ्याला कळते की तुम्ही चौघांना सरसकट गोवत नाही, आणि मग जिथे ‘केले’ लिहिले आहे तिथे तो थांबून पाहतो.

‘गैरहजर’ या शब्दाचा दुसरा उपयोग त्या तीन मेलच्या बाबतीत होतो. मेल 4 वाजून 10 मिनिटांनी, 17 मिनिटांनी आणि 31 मिनिटांनी गेले आणि तिन्हींत ‘विभागाच्या कामाला खीळ बसत आहे’ हे वाक्य आहे, असे तुम्ही लिहिता. यावरून संगनमत झाले असे वाटणे साहजिक आहे, पण एवढ्यावर थांबू नका. तिघांना खरोखर एकच अडचण असेल आणि त्यांनी आपसात बोलून एकाच दिवशी लिहायचे ठरवले असेल, तर त्यात गैर काही नाही. तुम्हीही उद्या एखाद्या प्रश्नावर दोघींबरोबर मिळून मेल पाठवाल. एकत्र बोललेली तक्रार आणि रचलेली तक्रार यांतला फरक वाक्यांच्या सारखेपणावरून कळत नाही. मेल पाठवणाऱ्याने स्वतः काय पाहिले, हे त्यातल्या मजकुरावरून तपासावे लागते. तिन्ही मेलमध्ये तुम्ही ‘2 जुलैला स्टोअर्सच्या माणसावर ओरडलात’ असे आहे. तुमच्या टिपणाप्रमाणे मेल पाठवणाऱ्यांपैकी एक जण 30 जूनपासून आठवडाभर रजेवर होता. म्हणजे त्याने न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी लिहिली. हजेरीपत्रक कंपनीकडेच आहे, त्यामुळे तुम्हाला ते मिळवावे लागणार नाही, ते तपासावे अशी मागणी करणे पुरेसे आहे. त्याच्या नावाखाली ‘कट केला’ असे लिहू नका. ‘प्रसंगी उपस्थित नसताना प्रत्यक्ष पाहिल्याप्रमाणे लेखी तक्रार केली’ असे लिहा, आणि त्याला ही माहिती व हे वाक्य कोणाकडून मिळाले हे विचारावे अशी विनंती करा. स्टोअर्सच्या त्या माणसालाही बोलावण्याची मागणी करा. तुमचा आवाज त्या दिवशी खरोखर चढला असेल तर तेही आधीच सांगून टाका.

चौघे एका विचाराने वागतात हे दाखवण्याचा याहून वेगळा थेट पुरावा क्वचितच मिळतो. एकत्र येण्याचे ठरवताना कोणी कागद करत नाही. म्हणून आधी सुट्या कृती सिद्ध व्हाव्यात, आणि त्यांची जोडणी कोणत्या माहितीतून झाली ते नंतर दिसावे, हा क्रम सोडू नका. तक्ता भरल्यावर आणखी एक गोष्ट तपासता येते. ज्येष्ठ सहकारी मे महिन्यात अकरा दिवस रजेवर होते आणि त्या काळात तुम्हाला काही त्रास झाला नाही, असे तुम्ही एका कोपऱ्यात लिहून ठेवले आहे. हे महत्त्वाचे असू शकते, पण आधी मोजून पाहा की त्या अकरा दिवसांत बैठका किती झाल्या. एकही झाली नसेल तर या निरीक्षणाला अर्थ नाही. तीन झाल्या आणि तिन्हींचा निरोप तुम्हाला वेळेवर मिळाला असेल, तर ते तीन मेल जोडा आणि निष्कर्ष वाचणाऱ्यावर सोडा.

एकेक कृती क्षुल्लक दिसते या तुमच्या म्हणण्याबद्दल थोडे सांगतो. जर्मनीत जन्मलेले आणि स्वीडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी 1980 च्या दशकात कामाच्या जागी होणाऱ्या या सामूहिक छळाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्याला ‘मॉबिंग’ हे नाव रूढ केले. त्यांनी अशा 45 कृतींची यादी केली होती. बोलणे तोडणे, निरोप न देणे, मागे कुजबुजणे, अशा त्यातल्या कित्येक कृती सुट्या पाहिल्या तर कोणत्याही कार्यालयात एखाद्या वेळी घडतात. त्यांनी कसोटी लावली ती वारंवारतेची आणि कालावधीची: आठवड्यातून किमान एकदा, आणि किमान सहा महिने. भारतात या कसोटीला कायद्याचे बळ नाही, पण तुमचा तक्ता त्या नजरेने वाचता येईल असा असावा, म्हणजे आठ महिन्यांत कोणते आठवडे रिकामे गेले तेही त्यात दिसावे.

आपल्याकडे सहकाऱ्यांनी केलेल्या सर्वसाधारण छळावर स्वतंत्र कायदा नाही. म्हणून तुमची तक्रार कंपनीच्या स्वतःच्या नियमांवर उभी करावी लागेल. स्थायी आदेशांची किंवा नेमणूकपत्रासोबत मिळालेल्या आचारसंहितेची प्रत काढा आणि प्रत्येकाची कृती तिथल्या वेगळ्या कलमाला जोडा. वरिष्ठाचा आदेश न पाळणे, वरिष्ठाला खोटी माहिती देणे, कार्यालयीन नोंद चुकीची करणे, ही तीन वेगळी गैरवर्तने आहेत आणि बहुतेक नियमावल्यांत ती कोणत्या ना कोणत्या शब्दांत असतात. ‘मानसिक छळ’ हा शब्द नियमावलीत नसेल तरी त्यामुळे अडत नाही. तुमच्या टिपणात लैंगिक स्वरूपाचे शेरे किंवा जातीवरून बोलणे आढळले नाही, म्हणून मी त्या वाटेने गेलो नाही. असे काही घडले असेल आणि संकोचाने लिहिले नसेल, तर लैंगिक शेऱ्यांसाठी 2013 च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत स्वतंत्र तक्रार द्यावी लागते, आणि जातीवाचक अपमानासाठी तुम्ही अनुसूचित जाती-जमातीच्या असाल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

फौजदारी खटल्यात लागतो तेवढा निःसंशय पुरावा खात्यांतर्गत चौकशीत लागत नाही. कोणती गोष्ट घडली असण्याची शक्यता अधिक आहे, एवढे तिथे पाहिले जाते. हरियाणातील एका बस कंडक्टरच्या प्रकरणात, ज्या प्रवाशांना तिकिटे दिली नव्हती त्यांची साक्षच झाली नाही असा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितले की अशा चौकशीत पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागत नाहीत, विश्वासार्ह आणि विषयाशी संबंध असलेली सामग्री विचारात घेता येते. त्यामुळे साहेबांनी फोनवर तुम्हाला ऐकवलेले तिसऱ्या सहकाऱ्याचे शब्दही चौकशीसमोर ठेवता येतील. अर्थात, साहेबांनी स्वतः येऊन ते सांगितले तर त्यांचे वजन कितीतरी वाढेल.

पुरावा गोळा करण्याच्या नादात दोन चुका करू नका. चौघांपैकी कोणाचा फोन किंवा संगणक उघडा दिसला तरी त्यातले काही पाहू नका आणि त्याचा फोटो घेऊ नका. परवानगीवाचून दुसऱ्याच्या उपकरणातून माहिती घेणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 मध्ये येऊ शकते, आणि मग चौकशी तुमचीच सुरू होईल. ग्रुपवरचा तो निरोप ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून चौकशीनेच मागवावा. दुसरे, पुरवठादारांचे दर किंवा कोटेशन असलेले कार्यालयीन मेल स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. खरेदी विभागात तर ते थेट गोपनीयतेचे उल्लंघन ठरते. मेलची तारीख, वेळ आणि विषय तुमच्या पानावर लिहा आणि मूळ मेल कंपनीने जपून ठेवावेत अशी लेखी विनंती करा. तुमच्या स्वतःच्या फोनवर आलेले संदेश पुसू नका आणि जमल्यास तो फोन बदलू नका. प्रकरण कधी न्यायालयात गेलेच तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ उपकरण हाताशी असेल तर ते सोपे जाते.

नव्या अर्जात चौघांना शिक्षा करा असे लिहू नका. तुम्हाला आता हवी आहे ती चौकशीची रीत. प्रत्येकाचा जबाब वेगळा, एकाच दिवशी, आधीच्याने बाहेर जाऊन पुढच्याला भेटण्याची सवड न ठेवता घ्यावा, सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, आणि प्रत्येक जबाबावर त्या व्यक्तीची सही घ्यावी, अशी मागणी करा. मागच्या वेळी चौघांना एका खोलीत बसवून विचारले गेले, आणि प्रकरण तिथेच बुडाले. पहिल्याने जे सांगितले ते बाकीच्यांनी ऐकून तसेच सांगितले. वेगळे विचारले असते तर तिसऱ्याने सांगितलेली वेळ आणि चौथ्यांनी लिहिलेली नोंद त्याच दिवशी एकमेकींवर आदळली असती. साक्षीदारांची यादी देताना प्रत्येक नावापुढे तो कोणत्या एका गोष्टीबद्दल सांगू शकतो ते लिहा. कँटीनमधल्या सहकाऱ्यांना आधी भेटून काही लिहून मागू नका, कारण पुढे त्यांच्यावर तुम्ही दबाव आणला असे म्हटले जाईल आणि त्यांना तोंड उघडणे आणखी अवघड होईल.

हे सगळे व्हायला दोन-तीन आठवडे लागतील, पण एक काम उद्या सकाळीच करा. 9 जुलैच्या इतिवृत्तावर तुम्ही अजून हरकत घेतलेली नाही, आणि हरकत न घेतलेली नोंद जसजशी जुनी होते तसतशी खरी मानली जाते. साहेबांना, प्रत चौथ्या सहकाऱ्यांना आणि एचआरला, असा मेल पाठवा: ‘9 जुलैच्या बैठकीच्या इतिवृत्तात माझ्या नावापुढे पूर्वसूचना न देता गैरहजर अशी नोंद आहे. बैठकीची वेळ 4 वरून 2.30 केल्याचे मला कोणीही कळवले नव्हते. मला कळवले होते असे कोणाचे म्हणणे असल्यास त्यांनी वेळ व माध्यम कृपया याच मेलवर नमूद करावे, अन्यथा नोंद दुरुस्त करावी.’ यात आरोप नाही, कोणाला दूषण नाही. उत्तर आले तर त्यात एक नाव आणि एक वेळ असेल, ती तुमच्या तक्त्यात जाईल. सात दिवसांत उत्तर आले नाही तर आठव्या दिवशी तोच मेल एका ओळीच्या स्मरणपत्रासह पुन्हा पाठवा, आणि दोन्ही मेलच्या छापील प्रती नव्या अर्जाला पहिले जोडपत्र म्हणून लावा.